सिग्मा, गोल डी आणि ठळक अक्षरं: मशीन लर्निंगचं एक सूत्र वाचायचं कसं

मशीन लर्निंग शिकायला घेतलं की थोड्याच पानांत या दोन ओळी, किंवा यांची सख्खी भावंडं, समोर येतात:

```
J(𝐰, b) = (1/2m) Σᵢ₌₁ᵐ (𝐰ᵀ𝐱⁽ⁱ⁾ + b − y⁽ⁱ⁾)²

∂J/∂wⱼ = (1/m) Σᵢ₌₁ᵐ (𝐰ᵀ𝐱⁽ⁱ⁾ + b − y⁽ⁱ⁾) xⱼ⁽ⁱ⁾
```

पहिली ओळ सांगते की आपले अंदाज एकूण किती चुकले. दुसरी सांगते की एखादं वजन, म्हणजे अंदाज काढताना मापाला ज्या आकड्यानं गुणतो तो आकडा, जरासं हलवलं तर ती चूक किती वेगानं वाढेल किंवा कमी होईल. या लेखात आपण एवढ्या दोनच ओळी वाचणार आहोत, पण एकही खूण न सोडता. विकलज म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आणि x² चा विकलज 2x, एवढं आठवत असेल तर पुरे. कागद-पेन्सिल मात्र जवळ हवी, कारण सूत्र नुसत्या डोळ्यांनी वाचून लागत नाही.

पायरी १: आधी प्रत्येक अक्षराची जात ओळखा

वाक्य आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. सूत्र तसं वाचायला गेलं की तिसऱ्या चिन्हाशीच अडायला होतं. म्हणून आधी काहीच सोडवायला जाऊ नका. सूत्रातली सगळी अक्षरं कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: ही एक संख्या आहे की संख्यांची यादी?

छापील पुस्तकांत याची खूण बहुधा अक्षराच्या जाडीत असते. ठळक 𝐰 म्हणजे सदिश, व्हेक्टर, अर्थात संख्यांची यादी. साधं बारीक w म्हणजे एक सुटी संख्या. ठळक आणि मोठं 𝐗 असेल तर तो मॅट्रिक्स, म्हणजे ओळी आणि स्तंभ असलेला तक्ता. फळ्यावर किंवा वहीत ठळक अक्षर काढणं कठीण, म्हणून तिथे डोक्यावर बाण किंवा अक्षराखाली रेघ असते. काही लेखक यातलं काहीच करत नाहीत, सगळंच बारीक छापतात. अशा वेळी `w ∈ ℝⁿ` असं कुठे लिहिलंय का ते शोधा. त्याचा अर्थ: w ही n वास्तव संख्यांची यादी आहे. इथला वरचा n घात नाही, तो यादीची लांबी सांगतो. पुस्तकाच्या सुरुवातीला चिन्हांचं एखादं पान असेल तर ते सर्वात आधी वाचा. त्या एका पानानं पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

आपल्या सूत्राची यादी अशी होते. 𝐰 ही वजनांची यादी, 𝐱⁽ⁱ⁾ ही एका उदाहरणाच्या मापांची यादी. प्रत्येक अंदाजात शेवटी मिळवला जाणारा b, शिवाय y⁽ⁱ⁾, m आणि wⱼ या सुट्या संख्या. J हीसुद्धा अखेर एकच संख्या. हे शेवटचं विसरू नका. उजवीकडे कितीही गर्दी दिसली तरी J च्या जागी एकच आकडा यायला हवा, आणि यादी उरली असेल तर वाचताना कुठेतरी चुकलंय.

आता हातात धरायला खरी माहिती घेऊ. तीन उदाहरणं, प्रत्येकाची दोन मापं, आणि शेवटी खरं उत्तर y:

```
i    x₁    x₂    y
1    1     2     8
2    2     4     13
3    3     0     5
```

म्हणून m = 3 (उदाहरणं) आणि n = 2 (मापं). वजनांची सुरुवात म्हणून 𝐰 = (1, 2) आणि b = 1 धरू. ही अक्षरं सगळीकडे सारखी नसतात. पुष्कळ पुस्तकांत उदाहरणांची संख्या N आणि मापांची संख्या D असते, आणि काही ठिकाणी तर n म्हणजेच उदाहरणं. अक्षर पाठ करण्यात अर्थ नाही, भूमिका ओळखायची.

पायरी २: वरचे आणि खालचे आकडे

x⁽²⁾ आणि x² यांत फक्त कंसाचा फरक आहे, पण अर्थात काहीच साम्य नाही. x² म्हणजे x चा वर्ग. x⁽²⁾ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं उदाहरण. तिथे काहीही कशाशी गुणायचं नाही. तो कंस मुद्दाम घातलेला असतो, घात समजू नये म्हणून.

खाली लिहिलेला आकडा यादीतली जागा दाखवतो. म्हणजे xⱼ⁽ⁱ⁾ हे वरच्या तक्त्यातलं एक घर झालं: i वी ओळ, j वा स्तंभ. x₂⁽¹⁾ म्हणजे पहिल्या ओळीतला दुसरा स्तंभ, म्हणजे 2. x₁⁽³⁾ म्हणजे 3. तक्त्यावर बोट ठेवून अशी पाच-सहा घरं शोधा. हे वेळखाऊ वाटेल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

जी पुस्तकं कंस वापरत नाहीत ती उदाहरणाचा क्रमांकही खालीच लिहितात. तिथे अक्षराची जाडी निर्णायक ठरते: ठळक 𝐱₂ म्हणजे दुसरं उदाहरण, अख्खी यादी, बारीक x₂ म्हणजे एका यादीतली दुसरी संख्या.

पायरी ३: सिग्मा उलगडून लिहा

बेरजेसाठी Σ हे चिन्ह लिओनार्ड ऑयलर यांनी १७५५ साली छापलं. त्याच्या खाली सुरुवात असते, वर शेवट, आणि उजवीकडे दर फेरीला काय मिळवत जायचं ते. प्रोग्रामिंग येत असेल तर हा सरळ फॉर-लूप आहे: i ला 1, 2, 3 अशी किंमत द्या, दर वेळी उजवीकडचं काढा, बेरजेत टाका.

पण आधी आत बसलेलं 𝐰ᵀ𝐱⁽ⁱ⁾ सोडवायला हवं, कारण तिथे आणखी एक सिग्मा दडलेला आहे. T म्हणजे ट्रान्सपोज: उभी यादी आडवी करणं. आडवी यादी गुणिले उभी यादी म्हणजे जोडीजोडीनं गुणून बेरीज:

```
𝐰ᵀ𝐱 = Σₖ₌₁ⁿ wₖxₖ = w₁x₁ + w₂x₂
```

हेच काही जण 𝐰·𝐱 असं टिंब देऊन लिहितात, काही ⟨𝐰, 𝐱⟩ असं. तिन्हींचा अर्थ इथे एकच, आणि उत्तर यादी नसून एक संख्या. T कुणावर आहे ते मात्र पाहा. 𝐰𝐱ᵀ असं लिहिलं तर उभी यादी गुणिले आडवी यादी होते आणि एका संख्येऐवजी अख्खा तक्ता मिळतो.

आता बाहेरचा सिग्मा. प्रत्येक i साठी अंदाज काढू, त्यातून खरं उत्तर वजा करू:

```
i = 1:   1·1 + 2·2 + 1 = 6     6 − 8 = −2
i = 2:   1·2 + 2·4 + 1 = 11    11 − 13 = −2
i = 3:   1·3 + 2·0 + 1 = 4     4 − 5 = −1

J = (1/6)(4 + 4 + 1) = 1.5
```

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे वर्ग आधी की बेरीज आधी. सूत्रात घात कंसावर आहे आणि कंस सिग्माच्या आत आहे, म्हणून प्रत्येक चुकीचा वर्ग करून मग बेरीज: 9. आधी बेरीज करून वर्ग केला असता तर (−5)² = 25 आलं असतं. दुसरं, सिग्माची हद्द कुठे संपते? `Σ aᵢ + b` असं लिहिलं असेल तर रूढीनं सिग्मा फक्त aᵢ वर चालतो आणि b शेवटी एकदाच मिळवायचा. b प्रत्येक फेरीत हवा असेल तर `Σ (aᵢ + b)` असा कंस लागतो. आपल्या सूत्रात b कंसाच्या आत आहे, म्हणूनच वर तो तिन्ही ओळींत आला.

सिग्माबद्दल माझ्या मते सर्वात कामाची गोष्ट अशी: त्याच्या खालचं अक्षर त्याच्यासोबतच संपतं. J च्या उत्तरात i कुठेच उरला नाही. i च्या जागी सगळीकडे r लिहिलं असतं तरी 1.5 च आलं असतं. अशा अक्षराला बांधलेला चल म्हणतात. याउलट दुसऱ्या सूत्रातला j कुठल्याही सिग्माच्या खाली नाही, तो मोकळा आहे, आणि म्हणून डावीकडे ∂wⱼ मध्येही दिसतो. मोकळं अक्षर म्हणजे निवड वाचकाच्या हातात: j = 1 घ्या, एक समीकरण; j = 2 घ्या, दुसरं. एका ओळीत दोन समीकरणं गुंडाळलेली आहेत.

यातून सूत्र तपासायची एक सोपी युक्ती मिळते. डावीकडची मोकळी अक्षरं आणि उजवीकडची मोकळी अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. उजवीकडे मोकळा j आहे आणि डावीकडे नाही, असं दिसलं तर एक तर छपाईची चूक आहे किंवा आपण एखादा सिग्मा पाहिलाच नाही.

पायरी ४: गोल डी

∂ या चिन्हाला कुणी डेल म्हणतं, कुणी पार्शल. आंशिक विकलजासाठी ते लेजांद्र यांनी १७८६ मध्ये वापरलं आणि याकोबी यांनी १८४१ मध्ये पुन्हा उचलल्यावर रुळलं. साध्या d ऐवजी वेगळं चिन्ह कशासाठी? J अनेक गोष्टींवर अवलंबून आहे: w₁, w₂ आणि b. ∂J/∂w₁ म्हणजे बाकीच्यांना जागच्या जागी धरून ठेवा, फक्त w₁ कणभर हलवा, आणि J किती पट हलतो ते पाहा. गोल डी ही "बाकीचे स्थिर आहेत" याची आठवण आहे. अपूर्णांकासारखं दिसलं तरी वरचा आणि खालचा ∂ छाटता येत नाही.

ही व्याख्या करून पाहता येते. w₁ ला 1 वरून 1.01 करू, w₂ आणि b तसेच. चुका आता −1.99, −1.98 आणि −0.97 होतात. वर्गांची बेरीज 8.8214, आणि सहानं भागून J साधारण 1.4702. म्हणजे w₁ 0.01 नं वाढला आणि J 0.0298 नं घटला. भागाकार: सुमारे −2.98.

आता सूत्रात j = 1 घालून पाहू:

```
∂J/∂w₁ = (1/3)[(−2)·1 + (−2)·2 + (−1)·3] = −9/3 = −3
```

−2.98 आणि −3. उरलेला फरक 0.01 हे पाऊल पुरेसं छोटं नसल्यामुळे, 0.0001 घेतलंत तर उत्तर −3 ला जवळजवळ चिकटेल. पुस्तकातल्या कुठल्याही आंशिक विकलजाबद्दल शंका आली की हा प्रयोग करावा.

ते xⱼ आलं कुठून?

पहिल्या सूत्रात शेवटी सुटं xⱼ⁽ⁱ⁾ नव्हतं. दुसऱ्यात ते अचानक उगवतं, आणि पुस्तकं बऱ्याचदा "हे सहज दिसते" म्हणून पुढे सरकतात. नवशिक्याला ते सहज दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

एकच उदाहरण घेऊ आणि वरचा (i) तात्पुरता सोडून देऊ. चुकीला e म्हणू:

```
e = w₁x₁ + w₂x₂ + b − y
```

w₁ च्या दृष्टीनं पाहा. w₂x₂ मध्ये w₁ नाही, ते स्थिर, विकलज शून्य. b आणि y यांचंही तेच. उरलं w₁x₁, आणि त्याचा विकलज x₁. म्हणजे ∂e/∂w₁ = x₁. त्याच न्यायानं ∂e/∂w₂ = x₂. दोन्ही एकत्र लिहायचे तर ∂e/∂wⱼ = xⱼ. बेरीज कितीही लांब असो, wⱼ तिच्यात एकदाच येतो, म्हणून एकच पद जिवंत राहतं आणि आतला सिग्मा नाहीसा होतो.

आता e² चा विकलज. साखळी नियम सांगतो की आधी बाहेरच्या वर्गाचा विकलज घ्या आणि त्याला आतल्या e च्या विकलजानं गुणा; म्हणून तो 2e गुणिले ∂e/∂wⱼ, म्हणजे 2e·xⱼ. हा 2 बाहेरच्या 1/2m मधल्या 2 सोबत छाटला जातो आणि 1/m उरतो. तो अर्धा मुळात याच सोयीसाठी ठेवलेला होता. काही पुस्तकं तो ठेवत नाहीत, मग त्यांच्या विकलजात 2/m दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एका पुस्तकातला J आणि दुसऱ्यातला विकलज एकत्र केलात तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं येईल.

इथे एक सापळा आहे. विकलज काढताना पुष्कळ जण 𝐰ᵀ𝐱 ला Σⱼ wⱼxⱼ असं उलगडतात आणि मग ∂/∂wⱼ काढायला जातात. आता j दोन कामं करतोय: सिग्माच्या आत तो सगळ्या किंमती घेतो, बाहेर तो एकच ठरलेली किंमत आहे. अशा वेळी उत्तरात नको असलेला सिग्मा शिल्लक राहतो. म्हणून मी वर आतल्या बेरजेसाठी k वापरला. नियम साधा: बाहेर जे अक्षर मोकळं आहे, ते आतल्या सिग्माला देऊ नका.

पायरी ५: सगळे विकलज एका यादीत

j = 2 घालून स्वतः करून पाहा: (1/3)[(−2)·2 + (−2)·4 + (−1)·0] = −4. b साठी सूत्रात x च्या जागी 1 येतो, कारण e मध्ये b ला कुणी गुणलेलंच नाही; म्हणून ∂J/∂b = −5/3.

वजनांचे आंशिक विकलज एकाखाली एक ठेवले की त्या यादीला ग्रेडियंट म्हणतात आणि ते उलट्या त्रिकोणानं, नाब्लानं, दाखवतात: ∇J = (−3, −4). नाब्लाच्या पायाशी छोट्या आकारात 𝐰 असेल तर फक्त 𝐰 मधल्या वजनांबाबत विकलज घेतलाय असं समजायचं. ही यादी नेहमी 𝐰 एवढीच लांब असते.

थोडं पुढे गेलं की पुस्तक सिग्मा टाकूनच देतं आणि लिहितं:

```
∇J = (1/m) 𝐗ᵀ(𝐗𝐰 + b − 𝐲)
```

हे नवीन काही नाही. घाबरण्याआधी आकार लिहा. 𝐗 म्हणजे आपला तक्ता, 3×2. 𝐰 हा 2×1. म्हणून 𝐗𝐰 हा 3×1: तीन अंदाज एकदम. त्यात b प्रत्येकाला मिळवला, 𝐲 वजा केला, झाली चुकांची यादी (−2, −2, −1). 𝐗ᵀ हा 2×3, आणि 2×3 गुणिले 3×1 बरोबर 2×1, म्हणजे 𝐰 च्याच आकाराचा. आतले आकडे जुळतात आणि बाहेरचे दोन उरतात. i वरची बेरीज कुठे गेली? ती 𝐗ᵀ च्या गुणाकारात शिरली: 𝐗ᵀ ची पहिली ओळ (1, 2, 3) आहे, आणि ती चुकांशी जोडीजोडीनं गुणून बेरीज केली की तेच −9.

संगणकावर ताडून पाहायचं असेल तर:

```python
import numpy as np
X = np.array([[1, 2], [2, 4], [3, 0]])
y = np.array([8, 13, 5])
w = np.array([1, 2]); b = 1
e = X @ w + b - y
print((e**2).sum() / 6)   # 1.5
print(X.T @ e / 3)        # [-3. -4.]
```

एक धोका सांगून ठेवतो. `y` चुकून 3×1 आकाराचा तक्ता म्हणून साठवलात, तर `X @ w` ही तीन संख्यांची सपाट यादी आणि `y` हा स्तंभ यांची वजाबाकी नम्पाय प्रत्येकाची प्रत्येकाशी करतं. `e` तीनऐवजी नऊ संख्यांचा होतो आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. J चा आकडा येतो, फक्त खोटा. `e.shape` छापून पाहा. `(3,)` ऐवजी `(3, 3)` दिसलं की कारण हेच.

शेवटची ओळ

या दोन सूत्रांनंतर लगेच येते ती ही:

```
𝐰 := 𝐰 − α∇J
b := b − α ∂J/∂b
```

`:=` म्हणजे बरोबरी नव्हे, "डावीकडच्याला ही नवी किंमत द्या". α ही एक लहान सुटी संख्या, पावलाचा आकार. यादीला संख्येनं गुणलं की प्रत्येक घर गुणलं जातं. α = 0.1 घेऊ. 𝐰 होतो (1 + 0.3, 2 + 0.4), म्हणजे (1.3, 2.4), आणि b साधारण 1.167. विकलज ऋण होता, म्हणजे वजन वाढवलं की चूक घटते. समोरच्या वजाबाकीच्या चिन्हामुळे वजनं वाढलीच. दोन्ही ओळींतले विकलज जुन्या 𝐰 आणि जुन्या b वरच काढायचे. पहिली ओळ चालवून नव्या 𝐰 वर ∂J/∂b काढला तर ते या सूत्राचं वाचन राहत नाही.

नव्या किंमतींनी तक्ता पुन्हा भरला की चुका सुमारे −0.73, 0.37 आणि 0.07 येतात, आणि J 1.5 वरून 0.11 च्या आसपास उतरतो.